सळई आयएसआयची, कागद पूर्ण, तरी सबमिटल परत पाठवायचंय: पत्र कसं लिहावं

प्रश्न: कोथरूडला एका सोसायटीच्या स्वयंपुनर्विकासाच्या साइटवर पीएमसीचा, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटचा, साइट इंजिनिअर आहे, तीन वर्षांचा अनुभव. काँट्रॅक्टरने कॉलम, बीम आणि शिअर वॉलसाठी एफई ५००डी सळईचं सबमिटल मंजुरीसाठी दिलंय. आयएसआय मार्क आहे, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आहे. २० एमएम: प्रूफ स्ट्रेस ६१२ मेगापास्कल, अल्टिमेट ६८८, इलाँगेशन १७ टक्के. २५ एमएम: ५८४, ६६१, १८ टक्के. आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये आयएस १३९२० या भूकंपाच्या मानकातला अल्टिमेट आणि प्रूफ स्ट्रेसचा १.१५ रेशो मागितलाय, तो बसत नाही. काँट्रॅक्टरचे इंजिनिअर माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, रोज चहा एकत्र होतो. पत्र मराठीत हवंय, कारण कमिटीला प्रत जाते. संबंध न बिघडवता पण कलमं दाखवून नाही कसं म्हणू?

उत्तर:

पत्राला हात घालण्याआधी कॅल्क्युलेटर घ्या. तुमची ही केस मुद्दाम शिकवायला घ्यावी अशी आहे, कारण इथे माल खराब नाही. काँट्रॅक्टर तुम्हाला उलट विचारेल की आयएस १७८६ या सळईच्या मानकात हा माल कुठे नापास होतो ते दाखवा, आणि तुम्हाला ते दाखवता येणार नाही. २००८ च्या आयएस १७८६ प्रमाणे एफई ५००डी सळईला प्रूफ स्ट्रेस, म्हणजे सळई कायमची ताणली जाऊ लागते तो ताण, किमान ५०० लागतो; अल्टिमेट, म्हणजे ती तुटण्याआधी झेलते तो कमाल ताण, किमान ५६५ आणि प्रूफ स्ट्रेसपेक्षा किमान १० टक्के जास्त लागतो; इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत लांबीत होणारी वाढ, किमान १६ टक्के. तुमच्या दोन्ही सळया यात आरामात बसतात. त्यामुळे ‘माल मानकाप्रमाणे नाही’ असं मोघम वाक्य लिहिलंत, तर पत्र पहिल्याच उत्तरात कोसळेल.

माझं एक पत्र असंच कोसळलं होतं. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी एका काँट्रॅक्टरला लिहिलं, ‘सादर केलेली सळई निकृष्ट दर्जाची असल्याने नाकारण्यात येत आहे.’ तिसऱ्या दिवशी त्यांनी लायसन्सची प्रत, मिलचं सर्टिफिकेट आणि बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट जोडून उत्तर दिलं: आयएस १७८६ मध्ये पूर्ण पास, ‘निकृष्ट’ शब्द मागे घ्यावा. माझा मुद्दा बरोबर होता, तुमचाच होता, रेशोचा. पण पत्रात तो कुठेच नव्हता. एका विशेषणापायी महिनाभर पत्रापत्री चालली आणि शेवटी माझ्या साहेबांना ‘गैरसमज झाला’ असं लिहून द्यावं लागलं. तेव्हापासून नाकारण्याच्या पत्रात मी मालाला विशेषण लावत नाही. आकडा लिहितो, कलम लिहितो, दोन्हींतला फरक लिहितो.

आता तुमचे आकडे. २०१६ च्या आयएस १३९२० मध्ये ५.३ हे कलम सळईबद्दल आहे. त्यातल्या दोन पोटकलमांशी तुमचा संबंध येतो. ५.३.२ म्हणतं की प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेस हा ग्रेडच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे ५०० च्या सळईला वरची मर्यादा ६००. ५.३.३ म्हणतं की प्रत्यक्ष अल्टिमेट भागिले प्रत्यक्ष प्रूफ स्ट्रेस किमान १.१५ हवा. २० एमएमचं बघा: ६८८ ÷ ६१२ = १.१२४. नापास. शिवाय ६१२ हा आकडा ६०० च्या वर. २५ एमएमचं: ६६१ ÷ ५८४ = १.१३२. रेशोत नापास, पण ५८४ हा ६०० च्या आत, म्हणून ५.३.२ मध्ये पास. दोन्ही सळया एकाच वाक्यात ‘५.३ मध्ये बसत नाहीत’ म्हणून उरकू नका. २५ एमएमवर ५.३.२ चा आरोप चुकून लागला, तर समोरचा तेवढी एक चूक धरून बसतो आणि बाकीचं बरोबर असलेलं सगळं पत्र संशयास्पद होतं.

एक सूक्ष्म गोष्ट. तुमच्या दोन मुद्द्यांपैकी रेशोचा मुद्दा भक्कम आहे, ६०० चा तेवढा नाही. स्ट्रेस म्हणजे लोड भागिले क्षेत्रफळ. आयएस १७८६ सांगतं की हे क्षेत्रफळ सळईच्या प्रत्यक्ष वजनावरून काढायचं: मीटरमागचं किलोतलं वजन भागिले ०.००७८५. काही लॅब मात्र सरळ नाममात्र क्षेत्रफळ धरतात, २० एमएमला ३१४.२ चौरस मिलिमीटर. समजा तुमची २० एमएम सळई मीटरला २.४७ ऐवजी २.४१ किलो भरली. ही घट सव्वादोन-अडीच टक्क्यांची, म्हणजे या व्यासाला चालणाऱ्या ३ टक्क्यांच्या आतली. तिचं खरं क्षेत्रफळ ३०७ येतं. त्यावर काढलेला ६१२ हाच आकडा नाममात्र क्षेत्रफळावर काढला तर ५९८ होतो. म्हणजे लॅबने कोणता भाजक घेतला यावर ६०० ची रेघ ओलांडली जाते किंवा जात नाही. रेशोत मात्र वर-खाली तेच क्षेत्रफळ असल्याने ते कटून जातं. तो कुठल्याही पद्धतीने १.१२४ च येणार. म्हणून पत्रात रेशो पहिला, ६०० दुसरा, आणि दुसऱ्यासोबत ‘सर्टिफिकेटमध्ये नोंदवलेल्या आकड्यानुसार’ एवढे शब्द जोडायचे.

दशांशाचंही सांगून ठेवतो. आकडा १.१४६ आला असता तर मी हे पत्र लिहूच दिलं नसतं. आयएसच्या राउंडिंगच्या नियमाप्रमाणे मोजलेला आकडा मानकातल्या आकड्याइतक्याच स्थानांपर्यंत आणायचा असतो, आणि १.१४६ चं १.१५ होतं. १.१३२ चं १.१३ होतं, त्यामुळे तुम्हाला ती अडचण नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कमिटीतलं कोणीतरी विचारेल: सळई जास्त ताकदीची आहे तर तक्रार कसली? भूकंपात इमारत वाचते ती बीमच्या टोकांशी सळई ताणली जाऊन ऊर्जा खाते म्हणून. डिझाइनरने ती ताणली जाण्याची जागा आणि बळ धरून बीमचा शिअर आणि कॉलमची ताकद काढलेली असते. सळई हिशोबापेक्षा फार उशिरा ताणली जायला लागली, तर तोवर बीम शिअरमध्ये फुटू शकतो किंवा भार कॉलमवर जातो. आणि रेशो कमी असला तर ताण सळईच्या लांबीभर पसरत नाही, भेगेपाशी थोड्याशा तुकड्यातच साचतो आणि सळई तिथेच तुटू शकते. टीएमटी सळईत हे बहुधा ती तयार होताना पाण्याचा मारा जास्त झाल्याने होतं: बाहेरची कडक कडा जाड होते, प्रूफ स्ट्रेस चढतो, अल्टिमेट त्या मानाने चढत नाही. २०१६ च्या आयएस १८९३ मध्ये पुणे भूकंप झोन तीनमध्ये धरलेलं आहे आणि २०१६ चं आयएस १३९२० झोन तीनपासून पुढे बंधनकारक आहे. हे सगळं तुम्हाला माहीत असायला हवं, पण पत्रात घालू नका. पत्रात कारणमीमांसा घातली की चर्चा मेटलर्जीवर जाते, आणि काँट्रॅक्टर मिलच्या क्वालिटी हेडला बैठकीला घेऊन येतो.

पत्रात काय लिहायचं हे करारावर अवलंबून आहे, आणि तुमचा करार मी पाहिलेला नाही. तीन गोष्टी तुम्ही स्वतः बघा. पहिली, आयएस १३९२० करारात कुठून आलं? काँट्रॅक्टरवर बंधन येतं ते तुमच्या स्पेसिफिकेशनच्या कलमामुळे, म्हणून आधी ते कलम लिहायचं आणि मग त्यात सांगितलेलं आयएसचं. आणि करारात जी आवृत्ती लिहिली आहे तीच लिहा. नवी आवृत्ती आली असेल, तुम्हाला ती जास्त पटत असेल, तरी सही जुन्यावर झालेली आहे. दुसरी, नामंजुरीची सही कोणाची? बऱ्याच करारांत साइट इंजिनिअरला शेरा मारण्याचा अधिकार असतो, नाकारण्याचा इंजिनिअर-इन-चार्जला. अधिकार नसताना सही केलीत तर काँट्रॅक्टर पत्र परत करू शकतो. मसुदा तुम्ही करा, सही त्यांची घ्या. तिसरी, उत्तराची मुदत. कुठे सात दिवस असते, कुठे चौदा; मुदत उलटली तर मंजुरी गृहीत धरावी असंही काही ठिकाणी लिहिलेलं असतं. तुमच्या करारात तसं असेल तर संबंधांची काळजी करत बसू नका, आधी तारीख बघा.

आणखी एक फरक पत्रात स्पष्ट हवा, जो जुने लोकही गाळतात. काही बाबी अटीत बसत नाहीत, आणि काही बाबी अजून दाखवलेल्याच नाहीत. रेशो पहिल्या प्रकारातला. तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये बहुतेक वेळा असतं तसं प्रत्येक व्यासाचा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट मागितला असेल आणि तो जोडलेला नसेल, तर तो दुसऱ्या प्रकारातला. दोन्ही एका यादीत घातले की काँट्रॅक्टर सोपं ते पूर्ण करतो, रिपोर्ट आणून जोडतो आणि ‘त्रुटींची पूर्तता केली’ म्हणून तेच सबमिटल पुन्हा टेबलावर ठेवतो. तुमच्या बाबतीत रिपोर्ट आला तरी या हीट, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाचे हे लॉट, पास होणार नाहीत, हे पत्रात लिहिलेलं असायला हवं.

हीट म्हणतोय ते मुद्दाम. तुम्ही नाकारताय ती या दोन हीटची सळई. कंपनी नाकारत नाही, काँट्रॅक्टरही नाही. त्याच मिलच्या पुढच्या हीटचा रेशो १.१८ येऊ शकतो. हे वाक्य पत्रात आलं की अर्धा कडवटपणा जातो, आणि ते खरंही आहे. उलट ‘अमुक कंपनीची घ्या’ असं सुचवू नका, तोंडीसुद्धा नको. उद्या त्या कंपनीचा ट्रेलर उशिरा आला की उशीर तुमच्या नावावर.

आता मराठीचा प्रश्न. इंग्रजीत असं पत्र लिहायचे ठरलेले साचे आहेत, मराठीत आपण नम्रतेच्या नादात निर्णयच पुसून टाकतो. ‘तूर्त मंजुरी देता येत नाही’ यातला ‘तूर्त’ काढा. वाचणाऱ्याला त्यातून कळतं की आठवड्याने हीच सळई चालेल. ‘शक्यतो’ काढा. ‘पुनर्विचार व्हावा ही विनंती’ काढा. पुनर्विचार कोणी करायचा, तुम्ही की त्यांनी? दुसऱ्या टोकाला ‘वारंवार सांगूनही’, ‘आपल्या निष्काळजीपणामुळे’, ‘गंभीर दखल घ्यावी’ हे सरकारी नोटिशीचे शब्द. पहिल्याच सबमिटलला ते शोभत नाहीत आणि कमिटीसमोर समोरच्या माणसाची अब्रू जाते. मधली वाट साधी आहे: कर्ता माणूस ठेवू नका, सळई ठेवा. ‘आपण अटींचे पालन केले नाही’ ऐवजी ‘सळईचा रेशो कलमातील मर्यादेपेक्षा कमी आहे’. ‘आम्ही नाकारतो’ ऐवजी ‘मंजुरी देता येत नाही’. यात सौम्यपणा आहे आणि पळवाट नाही.

मी लिहिलं तर असं लिहीन. कलमांचे आणि सबमिटलचे क्रमांक नमुन्याचे आहेत, तुमचे घाला.

> प्रति, मा. प्रकल्प व्यवस्थापक, (काँट्रॅक्टर)
>
> विषय: सबमिटल क्र. एसटी-०७, एफई ५००डी सळई, २० व २५ मिमी. निर्णय: सादर केलेल्या हीटना मंजुरी नाही, नवे सबमिटल अपेक्षित.
>
> संदर्भ: १) आपले सबमिटल, दि. … २) करारातील तांत्रिक तपशील, कलम ३.२(क) व ३.४
>
> महोदय,
>
> स. न. वि. वि.
>
> संदर्भ १ चे सबमिटल मिळाले. त्यासोबतचे बीआयएस लायसन्स व मिलचे टेस्ट सर्टिफिकेट तपासले. सर्टिफिकेटमधील ताकद व इलाँगेशनचे आकडे आयएस १७८६:२००८ मधील एफई ५००डी च्या मर्यादेत आहेत, याची नोंद घेतली आहे.
>
> तथापि ही सळई कॉलम, बीम व शिअर वॉलच्या बाउंड्री एलिमेंटसाठी सादर केली असून, या घटकांसाठी तांत्रिक तपशील कलम ३.२(क) नुसार आयएस १३९२०:२०१६ कलम ५.३ ची पूर्तताही आवश्यक आहे. ती पुढील बाबतींत होत नाही:
>
> (१) आयएस १३९२० कलम ५.३.३: अल्टिमेट व प्रूफ स्ट्रेस यांचे गुणोत्तर किमान १.१५ आवश्यक. २० मिमी (हीट क्र. …): ६८८ ÷ ६१२ = १.१२. २५ मिमी (हीट क्र. …): ६६१ ÷ ५८४ = १.१३.
>
> (२) आयएस १३९२० कलम ५.३.२: प्रूफ स्ट्रेस कमाल ६०० मेगापास्कल. सर्टिफिकेटमध्ये नोंदवलेल्या आकड्यानुसार २० मिमी सळईचा प्रूफ स्ट्रेस ६१२ आहे. २५ मिमी सळई या कलमात बसते.
>
> वरील कारणांमुळे या दोन हीटच्या सळईला उपरोक्त घटकांसाठी मंजुरी देता येत नाही.
>
> याशिवाय, कलम ३.४ नुसार प्रत्येक व्यासाचा मान्यताप्राप्त लॅबचा चाचणी अहवाल सबमिटलसोबत आवश्यक आहे. तो जोडलेला नाही. हा अहवाल नव्या सबमिटलसोबत द्यावा. केवळ या अहवालाने वरील (१) व (२) ची पूर्तता होणार नाही.
>
> याच उत्पादकाच्या अथवा अन्य उत्पादकाच्या, दोन्ही मानकांची पूर्तता करणाऱ्या हीटचे सबमिटल आपण देऊ शकता. कामाच्या कार्यक्रमात अडथळा येऊ नये यासाठी नवे सबमिटल मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तपासणी पूर्ण करू. नमुने घेताना आमचा प्रतिनिधी उपस्थित राहील. वेळ एक दिवस आधी कळवावी.
>
> आपला विश्वासू,
> (इंजिनिअर-इन-चार्ज)
>
> प्रत: १) मा. सचिव, गृहनिर्माण संस्था २) स्ट्रक्चरल कन्सल्टंट

यात पास झालेल्या गोष्टीची नोंद पहिल्या परिच्छेदात आहे, ती शिष्टाचार म्हणून नाही. कमिटीला प्रत जाते. कोणीतरी ‘मंजुरी नाही’ एवढंच वाचून सोसायटीच्या ग्रुपवर ‘काँट्रॅक्टरने बोगस सळई आणली’ असं टाकतो, आणि रात्री दहाला त्या बिचाऱ्या इंजिनिअरला फोन सुरू होतात. सळई आयएस १७८६ मध्ये बसते हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं असलं की त्याला दाखवायला कागद मिळतो. शिवाय त्याचं पहिलं प्रत्युत्तर, म्हणजे लायसन्स पुन्हा जोडून पाठवणं, आधीच निकाली निघतं. जाता जाता, कमिटीला जाणाऱ्या कुठल्याही कागदावर पीएमसी ही तीन अक्षरं टाळा. पुण्यात निम्मे लोक ती महापालिका म्हणूनच वाचतात, आणि एका आजोबांनी मला खरंच विचारलं होतं की महापालिकेने आपली सळई नाकारली का.

तीन दिवसांचं वाक्य तुम्हाला पाळता येणार असेल तरच ठेवा. पत्रातला सगळ्यात सौजन्याचा भाग तोच आहे, पण चौथ्या दिवशी तो उलटतो. मुदतवाढ किंवा खर्चाबद्दल मात्र एक शब्दही लिहू नका, ना बाजूने ना विरुद्ध. त्याची कलमं वेगळी, आणि त्यावर बोलणारा माणूस तुम्ही नाही.

आता चहाचं. पत्र पोचण्याआधी तुम्ही स्वतः सांगा, आणि ते सगळ्यांसमोर नको. मी साधारण असं बोलतो: ‘साहेब, संध्याकाळी एसटी-०७ चं पत्र येईल. वीस आणि पंचवीस परत चाललीय, रेशोवर अडकली.’ ते म्हणतील, ‘अरे, आयएसआय आहे की.’ ‘आहे ना साहेब, ते पत्रात पहिल्यांदा लिहिलंय. तेराशेवीसवर… म्हणजे एकशेएकोणचाळीस-वीसवर अडकलंय, आकडे हे बघा.’ आणि सर्टिफिकेटची प्रत पुढे करा, पेन्सिलने भागाकार केलेली. (तो आकडा मराठीत नीट म्हणता येत नाही, ‘तेरा नऊशेवीस’ म्हणा.) वयाने मोठ्या माणसाला नकाराचं तेवढं वाईट वाटत नाही, ते कागदावरून, तेही कमिटीबरोबरच कळलं, याचं वाटतं. बोलताना निर्णयावर घासाघीस सुरू झाली तर ‘पत्र वाचा, मग बसू’ एवढंच म्हणा. तोंडी दिलेली सवलत पत्राच्या आधी पोचते.

यानंतर दोन गोष्टी होण्याची शक्यता आहे. पहिली, ते म्हणतील की मग हीच सळई स्लॅबला वापरतो. यात तथ्य असू शकतं, कारण आयएस १३९२० चं ५.३ हे कॉलम-बीमच्या चौकटीला आणि शिअर वॉलच्या टोकांच्या बाउंड्री एलिमेंटला लागतं, सगळ्या सळईला नाही. पण तुमचं स्पेसिफिकेशन सरसकट सगळ्या सळईला ते लावत असेल तर प्रश्नच मिटतो. लावत नसेल तरी तुम्ही हो म्हणू नका. त्यांना वेगळं सबमिटल द्यायला सांगा, ते स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे जाऊ दे. माझा स्वतःचा कल अशा वेळी नाहीकडे असतो आणि कारण साधं आहे: यार्डात दोन हीटच्या २० एमएम सळया शेजारी पडल्या की नुसत्या बघून वेगळ्या ओळखता येत नाहीत. ग्रेड तोच, रिब त्याच, मार्क तोच. हीट नंबर असतो बंडलच्या टॅगवर, आणि बंडल सुटलं की टॅग जातो. रात्रपाळीचा फिटर हाताला येईल ती घेतो.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. दोन-तीन दिवसांत नवं सर्टिफिकेट येतं आणि त्यात रेशो १.१६. पहिल्यांदा हीट नंबर बघा. नंबर वेगळा असेल तर ते नवं सबमिटल, नियमाप्रमाणे तपासा. नंबर तोच असेल आणि आकडे बदललेले असतील, तर थांबा. एका हीटच्या दोन तुकड्यांत थोडा फरक येतो हे खरं, म्हणून लगेच कोणाला खोटं ठरवू नका. दोन्ही सर्टिफिकेटच्या तारखा, सॅम्पलचा क्रमांक आणि रासायनिक आकडे शेजारी ठेवा. कार्बन, सल्फर, फॉस्फरस हे हीटचे असतात. ते शेवटच्या दशांशापर्यंत तेच आणि फक्त अल्टिमेट वीसेक मेगापास्कलने वर गेलेला, असं दिसलं तर शंका रास्त आहे. तरी पत्रात शंका लिहायची नाही. लिहायचं एवढंच: ‘एकाच हीटची दोन सर्टिफिकेट प्राप्त झाली असून त्यांतील आकडे भिन्न आहेत. कलम ३.४ नुसार संयुक्त नमुने घेऊन मान्यताप्राप्त लॅबमध्ये चाचणी करावी.’ नमुने बंडलमधून तुम्ही निवडा, कापल्यावर दोघांच्या सह्यांचा टॅग लावा, लॅबपर्यंत तुमचा माणूस सोबत जाऊ दे. लॅबला लिहून द्या की क्षेत्रफळ वजनावरून काढावं आणि मीटरमागचं वजन रिपोर्टमध्ये नोंदवावं. नाहीतर वर सांगितलेला ६१२ की ५९८ चा घोळ तुमच्याच रिपोर्टमध्ये होईल.

आणि एक विचारायचं राहिलं: सळई अजून फक्त कागदावर आहे ना? बऱ्याचदा सबमिटल आणि ट्रेलर एकाच दिवशी गेटवर येतात. माल आधीच उतरला असेल तर पत्रात हीट नंबरसोबत बंडलांची संख्या आणि गेट पासची तारीख घाला, बंडलं वेगळ्या रांगेत काढायला लावा, दोन्ही टोकांना लाल रंग मारून घ्या, आणि टॅग वाचता येईल असा फोटो काढून पत्राला जोडा. रंग सळईच्या टोकालाच मारा. मधे मारलेला रंग कापताना तुकड्यांत विखुरतो आणि आठ दिवसांनी कोणालाच काही आठवत नाही.